लिंक कुणी दाबलीच नाही, तरी ६१ जणांचे रिपोर्ट बंद

तक्ताकार

आमच्याकडे साधारण ३४० माणसं काम करतात आणि रोज पहाटे सहाला २६ प्रकारचे रिपोर्ट मेलने जातात. कुणाला काय पाठवायचं याचा निर्णय असा कधी झालाच नव्हता. नवा माणूस आला की त्याच्या शेजारच्या टेबलावरच्याची यादी त्याला जोडून द्यायची, एवढीच पद्धत. त्यामुळे काहींना रोज १४ मेल येतात आणि त्यातले दोन वाचले जातात.

गेल्या महिन्यात आम्ही निवड त्यांच्याच हाती द्यायचं ठरवलं. एक पान केलं. डावीकडे रिपोर्टचं नाव, उजवीकडे रोज, आठवड्याने, महिन्याने किंवा नको. शिवाय प्रत्येक मेलच्या तळाशी ‘हा रिपोर्ट नको’ अशी लिंक ठेवली. ती उघडली की रिपोर्ट लगेच बंद. लॉगिन नाही, ‘का बंद करताय’ हा प्रश्न नाही. बंद करणं सोपंच हवं हा माझा हट्ट होता आणि अजूनही आहे.

सोमवारी सुरू केलं. सव्वासहाला डेटाबेस पाहिला तर ६१ जणांचे मिळून ४०२ रिपोर्ट बंद झालेले. त्या वेळी त्यातलं कुणी उठलेलंही नसेल. नऊ वाजल्यापासून फोन सुरू झाले, ‘आम्ही काही दाबलं नाही.’ हे ६१ जण मुख्यतः हिशेब विभागातले आणि वरिष्ठ आहेत. बाकीच्यांना काहीच झालं नाही.

दुसरा प्रकार याच्या उलट. तिघांनी खरोखर विचार करून काही रिपोर्ट बंद केले, त्यांना ते मंगळवारी पुन्हा आले. हे दोन प्रकार एकमेकांशी जोडलेले आहेत की वेगळे, तेच कळत नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

---

सरळरेघ

पहिल्या प्रकारात बॉट आहे, यात शंका नको. लॉगिन लावा, प्रश्न मिटला. लॉगिन नकोच असेल तर विनंती पाठवणाऱ्या ब्राउझरचं नाव तपासा आणि त्यात bot आढळलं तर दुर्लक्ष करा. चार ओळींचं काम आहे.

---

मोहीमवाला

बंद करण्याची सोय द्यावीच लागते, ती काढू नका. मोठ्या मेलसेवांनी फेब्रुवारी २०२४ पासून रोज ५००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना नियम लावले आहेत. प्रचाराच्या मेलमध्ये एका टिचकीत बंद होण्याची सोय हवी आणि दोन दिवसांत ती अमलात यायला हवी. आम्ही ग्राहकांना मेल पाठवायला बाहेरची सेवा वापरतो. ती नको म्हणणाऱ्यांची यादी स्वतःच ठेवते, आपल्याला काहीच करावं लागत नाही. तुम्हीही तसंच करा.

---

टपालपेटी

तक्ताकार, हे दोन वेगळे दोष आहेत. आधी पहिला घेऊ.

तुमच्या मेलच्या वाटेवर सुरक्षेसाठी एक गेटवे असणार. मेल पेटीत पडण्याआधी तो आतली प्रत्येक लिंक उघडून पाहतो, फसवी आहे का ते तपासायला. अशी कडक तपासणी बहुतेकदा आधी पैशाचे व्यवहार सांभाळणाऱ्यांच्या आणि वरिष्ठांच्या पेट्यांना लावतात. तुमचे ६१ जण नेमके तेच आहेत. सर्व्हरचा लॉग काढा, साधारण असं दिसेल:

```
06:00:38 HEAD /r/stop?t=9f2c...  200
06:00:39 GET  /r/stop?t=9f2c...  200
06:00:39 GET  /help              200
06:00:40 GET  /r/open?id=17      302
```

खूण अशी, की मेल गेल्यावर काही सेकंदांत आणि एकाच मेलमधल्या सगळ्या लिंका ओळीने उघडलेल्या असतात. माणूस ‘मदत’, ‘पूर्ण रिपोर्ट पाहा’ आणि ‘नको’ या तिन्ही लिंका दोन सेकंदांत उघडत नाही. विनंत्या येतात तेही मोजक्याच पत्त्यांवरून.

चूक गेटवेची नाही. `GET` म्हणजे ‘दाखव’. दाखवण्याच्या विनंतीवर तुम्ही नोंद बदलत होता, दोष तिथे आहे. `HEAD` तर त्याहून हलकी विनंती, पण बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये `HEAD` आली की `GET` चाच कोड चालतो, म्हणून तिनेही रिपोर्ट बंद झाले असतील.

उपाय असा. लिंक उघडली की फक्त एक पान दिसू द्या. त्यावर रिपोर्टचं नाव आणि ‘बंद करा’ हे एक बटण. बटण दाबल्यावर `POST` जाईल आणि नोंद फक्त तेव्हाच बदलेल. लॉगिन लागत नाही, एक टिचकी वाढते एवढंच.

सरळरेघ, ब्राउझरचं नाव तपासून भागत नाही. फसव्या पानांना आपण तपासणी करतोय हे कळू नये म्हणून असे गेटवे मुद्दाम साध्या ब्राउझरचंच नाव सांगतात. आणखी एक युक्ती लोक करतात, पान उघडताच जावास्क्रिप्टने बटण आपोआप दाबायचं. तीही नको. काही गेटवे जावास्क्रिप्ट चालवतात, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

---

सरळरेघ

ब्राउझरच्या नावाचं पटलं. पण लॉगिनला एवढा विरोध का? आतलीच माणसं आहेत, सगळ्यांकडे पासवर्ड आहे.

---

रात्रपाळी

त्याचं उत्तर मी देते, कारण मी रिपोर्ट घेणारी आहे, पाठवणारी नाही.

मी शीतगृहात पाळी सांभाळते. आमच्याकडे खोल्यांच्या तापमानाचा रिपोर्ट दर तासाला येतो, दिवसाला २४ मेल. बंद करायचा तर आधी ऑफिसच्या जाळ्यात शिरायचं, मग लॉगिन, मग फोनवर येणारा आकडा. पाळीत हातात मोजे असतात. मी काय केलं? मेलमध्ये एक नियम लावला, त्या नावाचं काहीही आलं की वेगळ्या फोल्डरमध्ये. माझ्यासारखे आणखी पाच जण निघाले. पाठवणाऱ्यांच्या नोंदीत मात्र आम्ही सगळे तो रिपोर्ट घेत होतो.

एका रात्री चार नंबरच्या खोलीचं दार नीट लागलं नाही आणि तापमान चढत गेलं. दोनच्या रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं होतं, तीनच्या रिपोर्टमध्येही होतं. दोन्ही माझ्या फोल्डरमध्ये न उघडलेले पडून. पहाटे फेरी मारताना हाताला कळलं. माल टाकावा लागला. आजही त्याचं मला वाईट वाटतं. मेल आला नाही असं मी म्हणू शकत नाही, आणि मी वाचला असंही म्हणू शकत नाही.

बंद करणं अवघड केलंत तर माणसं गुपचूप बंद करतात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

---

टपालपेटी

रात्रपाळी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. यात दोन गोष्टी आहेत. खोली तापली ही खबर रिपोर्टमधून जायलाच नको होती. ती सूचना आहे, ती वेगळ्या वाटेने, फोन वाजवून जायला हवी. आणि रिपोर्ट ‘काही वेगळं असेल तरच पाठवा’ असा पर्याय असता तर तुम्ही तो घेतला असता.

पण त्या पर्यायात एक खोच आहे. आठ दिवस मेल आला नाही, तर सगळं ठीक आहे की रिपोर्टच चालला नाही, हे घेणाऱ्याला कसं कळणार? आम्ही असा पर्याय घेणाऱ्यांना आठवड्यातून एक मेल पाठवतो: ‘१६८ वेळा तपासलं, काही वेगळं नाही.’ तो आला नाही की समजायचं, यंत्रणा पाहायला हवी.

---

तक्ताकार

टपालपेटी, लॉग अगदी तुम्ही दाखवलात तसाच निघाला. सगळ्या विनंत्या सहा वाजून दोन मिनिटांच्या आतल्या, तीनच पत्त्यांवरून. मेल गेल्यापासून १२० सेकंदांच्या आत बंद झालेल्या नोंदी मी परत चालू केल्या. त्यातले पाच रिपोर्ट लोकांनी नंतर निवडीच्या पानावर जाऊन ‘नको’ केले होते, ते तसेच ठेवले.

मग उत्साहात मी मेलच्या शीर्षातही एका टिचकीची सोय घातली, म्हणजे मेलच्या वरच बटण दिसेल:

```
List-Unsubscribe: <https://reports.example/r/stop?t=9f2c...>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

ती चालत नाहीये. स्वतःला चाचणी मेल पाठवला, बटण दिसलं, दाबलं, आणि लॉगमध्ये ४०३.

---

टपालपेटी

४०३ आला म्हणजे विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, हे चांगलं लक्षण. तुमची फ्रेमवर्क प्रत्येक `POST` सोबत आपल्याच पानाने दिलेलं गुप्त टोकन मागत असणार. मेलसेवेकडून येणाऱ्या विनंतीत ते कुठून असणार? तेवढ्या एका पत्त्याला त्या तपासणीतून वगळा. लिंकमधलं तुमचं टोकन ओळख पटवायला पुरेसं आहे.

या पद्धतीची आखणी जानेवारी २०१७ च्या RFC 8058 मध्ये आहे. ती नीट वाचलीत तर दिसेल की लिंका उघडून पाहणाऱ्या यंत्रांमुळेच तिथे `POST` घेतला आहे, म्हणजे तुमचाच किस्सा. `List-Unsubscribe` हे शीर्ष त्याहून जुनं, १९९८ चं. त्या काळच्या पद्धतीत यंत्राने उघडलेली लिंक आणि माणसाने दाबलेली लिंक यांत फरक करता येत नव्हता.

तीन गोष्टी पाहा. मेलवरच्या डीकेआयएम सहीत ही दोन्ही शीर्षं समाविष्ट हवीत, नाहीतर मेलसेवा बटण दाखवणार नाही. `POST` ला उत्तर थेट द्या, दुसऱ्या पानाकडे वळवू नका. आणि बटण दाबल्यावर विनंती बहुतेकदा मेलसेवेच्या सर्व्हरकडून येते, घेणाऱ्याच्या संगणकावरून नाही. तुमचा रिपोर्टचा सर्व्हर फक्त आतल्या जाळ्यात दिसत असता तर हे बटण कधीच चाललं नसतं. ज्यांचा तसा आहे त्यांनी शीर्षाच्या नादी न लागता मेलच्या तळाशी लिंक आणि बटणाचं पान एवढंच करावं.

मोहीमवाला, तुमचा नियम प्रचाराच्या मेलचा आहे. कर्मचाऱ्यांना जाणाऱ्या रिपोर्टला तो लागू नाही. पण बाहेरच्या सेवेबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यातच एक सापळा आहे. अशा काही सेवा मेलच्या तळाशी स्वतःची ‘बंद करा’ लिंक जोडतात. ती दाबली की त्या पत्त्यावर तुमचं कुठलंच मेल जात नाही, पासवर्ड बदलण्याचंसुद्धा. तुमच्या तक्त्यात सगळं चालू दिसतं आणि माणूस म्हणतो काहीच येत नाही. तक्ताकार, तुम्ही सेवा वापरत असाल तर तिची ती लिंक बंद करून ठेवा.

---

मोहीमवाला

मी प्रश्न ग्राहकांच्या मेलचा समजलो होतो, माफ करा. पण तुम्ही म्हणता तसा एक माणूस आमच्याकडे खरंच आहे, त्याला महिनाभर पगाराची चिठ्ठी मिळत नाहीये. आज ती यादी तपासतो.

---

तक्ताकार

तपासणीतून वगळल्यावर बटण चाललं. आता दुसऱ्या प्रकाराकडे येऊ. बंद केलेला रिपोर्ट मंगळवारी परत का आला?

---

टपालपेटी

‘नको’ दाबल्यावर तुम्ही ती ओळ तक्त्यातून काढून टाकता का? आणि रात्री एखादं काम चालतं का, ‘अमुक पदावरच्या माणसाला अमुक रिपोर्ट’ या यादीवरून ओळी भरणारं?

---

तक्ताकार

दोन्हींचं उत्तर हो. अरे देवा, आलं लक्षात.

---

टपालपेटी

हो, तेच. रात्रीच्या कामाला ओळ दिसली नाही, त्याने हा नवा माणूस समजून ती परत घातली. ‘कधी दिलाच नव्हता’ आणि ‘दिला होता, त्याने नको म्हटलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ओळ पुसली की त्या एक होतात. म्हणून ओळ कधीच पुसायची नाही. तिच्यात स्थिती ठेवा, चालू किंवा बंद, कुणी बदललं आणि केव्हा. आणि रात्रीचं काम असं करा (हे पोस्टग्रेसचं आहे):

```sql
INSERT INTO subscription
  (user_id, report_id, frequency, status, source)
SELECT u.user_id, d.report_id, d.frequency, 'active', 'role'
FROM users u
JOIN role_default d ON d.role_id = u.role_id
ON CONFLICT (user_id, report_id) DO NOTHING;
```

त्या दोन रकान्यांवर मिळून युनिक बंधन हवं, नाहीतर ही आज्ञा चालणारच नाही. `DO NOTHING` च्या जागी `DO UPDATE` लिहून लोकांनी केलेली निवड रोज रात्री पुसणारी यंत्रणा मी पाहिली आहे. लोकांना वाटतं, सांगून उपयोग नाही, आणि मग रात्रपाळींसारखे ते फोल्डर करतात.

---

बेरीजवजाबाकी

मी हिशेब विभागात आहे. तुम्ही बंद करण्यावरच बोलताय, पण आमच्याकडे खरी भांडणं झाली ती ‘आठवड्याने’ या शब्दावरून.

उधारीच्या वसुलीचा रिपोर्ट रोज येत असे, त्यात आदल्या दिवशीची वसुली. मी तो आठवड्याने केला. सोमवारी मेल आला, त्यात फक्त रविवारची वसुली, म्हणजे शून्य. वेळापत्रक बदललं, पण आतल्या क्वेरीत ‘काल’च होतं. त्याच वेळी शिल्लक मालाचा रिपोर्ट आठवड्याने केला, तर त्यांनी सात दिवसांच्या शिलकेची बेरीज करून पाठवली. सोमवारी १०० पोती, मंगळवारी १००, बुधवारी १००. पोती हलली नाहीत आणि रिपोर्टमध्ये ७०० पोती.

दोन्ही चुका एकाच जागी आहेत. वसुली ही वाहणारी गोष्ट, तिची बेरीज करायची. शिल्लक ही त्या क्षणाची गोष्ट, तिचा शेवटचा आकडा द्यायचा. हे प्रत्येक रिपोर्टच्या माथ्यावर कुणीतरी लिहून ठेवल्याशिवाय लोकांना कालावधी निवडायला देऊच नये.

---

टपालपेटी

शंभर टक्के खरं. माझ्या मते प्रत्येक रिपोर्टला कोणते कालावधी चालतात ते त्या रिपोर्टबरोबरच ठरवावं. ज्याची क्वेरी आठवड्यासाठी तपासलेली नाही, त्याच्यासमोर ‘आठवड्याने’ हा पर्याय दिसूच नये.

---

सरळरेघ

यावर माझा एक उपाय. प्रत्येक माणसाच्या ओळीत ‘इथपर्यंत पाठवलं’ अशी तारीख ठेवा आणि पुढचा रिपोर्ट तिथून आजपर्यंतचा. कुणी गुरुवारी आठवड्यावरून रोजवर आलं तरी सोमवार ते बुधवार हरवत नाहीत. एखाद्या रात्री सर्व्हर बंद पडला तरी पुढच्या रिपोर्टमध्ये भरून निघतं.

---

बेरीजवजाबाकी

मला हे चालणार नाही. बैठकीत आम्ही चौघं बसतो. माझा रिपोर्ट गुरुवारपासूनचा, शेजारच्याचा सोमवारपासूनचा. दोघांच्या मेलवर नाव एकच आणि आकडे दोन. पहिली वीस मिनिटं कुणाचा आकडा खरा यातच जातील. आठवडा म्हणजे सगळ्यांचा एकच आठवडा, सोमवार ते रविवार. मधले तीन दिवस कुणाला हवे असतील तर त्याने रिपोर्ट उघडून पाहावेत.

---

टपालपेटी

मी बेरीजवजाबाकींच्या बाजूचा आहे, आणि त्याला आणखी एक कारण आहे. ठरावीक कालावधी असले की ‘हा रिपोर्ट, आठवड्याचा, या शाखेचा’ असा एकदाच तयार करून ४० जणांना पाठवता येतो. सरळरेघांच्या रीतीने प्रत्येकासाठी क्वेरी वेगळी चालेल. पण सर्व्हर बंद पडल्यावर काय, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. आम्ही तारीख माणसाच्या ओळीत ठेवत नाही, रिपोर्टच्या प्रत्येक कालावधीच्या ओळीत ठेवतो. मंगळवारचा गेला नसेल तर बुधवारी मंगळवारचा वेगळा मेल जातो, बुधवारच्यात मिसळत नाही.

---

सरळरेघ

मेल दोन येणार. कामाच्या यादीसारख्या रिपोर्टला, म्हणजे ‘तुमच्याकडे पडून असलेली प्रकरणं’ अशांना, माझीच रीत बरी असं मला अजून वाटतं. तिथे बैठकीत आकडे जुळवायचे नसतात.

---

तक्ताकार

दोन्ही रीती ठेवाव्या लागतील असं दिसतंय, रिपोर्ट पाहून. सध्या आकड्यांच्या रिपोर्टना ठरावीक कालावधी लावतो.

आज आणखी एक प्रकार घडला. एका शाखाप्रमुखांनी त्यांचा मेल हाताखालच्या सहा जणांना पुढे पाठवला. त्यातल्या एकाने तळाची लिंक उघडली, बटण दाबलं, आणि प्रमुखांचा रिपोर्ट बंद. त्या बिचाऱ्याला वाटलं, तो स्वतःचाच बंद करतोय.

---

टपालपेटी

हे होणारच, कारण टोकन प्रमुखांचं आहे. ते पुढे गेलेल्या मेलमधून काढता येत नाही, म्हणून त्याने होणारं नुकसान मर्यादित ठेवा. त्या लिंकने फक्त तो एक रिपोर्ट बंद करता यावा. कालावधी बदलणं, बाकीचे रिपोर्ट पाहणं, हे सगळं लॉगिनमागे. नाहीतर प्रमुखांना काय काय येतं ते सहा जणांना कळेल. बटणाच्या वर ‘हा रिपोर्ट शाखाप्रमुखांना जातो’ असं ठळक लिहा. आणि लिंकवरून बंद झालं की मूळ माणसाला एकच छोटा मेल, ‘बंद झाला, तुम्ही केलं नसेल तर इथून चालू करा.’ टोकनची मुदत मात्र कमी ठेवू नका, लोक तीन महिन्यांपूर्वीचा मेल उघडून बंद करतात.

---

रात्रपाळी

एक विचारू का? जे रिपोर्ट बंद करताच येत नाहीत, म्हणजे सुरक्षेचे वगैरे, त्यांचं काय करता? आमच्याकडे त्यांच्या तळाशीही लिंक आहे, दाबली की ‘परवानगी नाही’ येतं. फार राग येतो.

---

टपालपेटी

त्यावर लिंक ठेवूच नका. तिच्या जागी एक ओळ लिहा, हा रिपोर्ट तुमच्या पदामुळे येतो, हरकत असेल तर अमुक विभागाला सांगा. आणि असे रिपोर्ट मोजकेच ठेवा. प्रत्येक विभागाला आपलाच सक्तीचा वाटतो.

---

तक्ताकार

आमच्या २६ पैकी ११ रिपोर्टवर विभागांनी ‘सक्तीचा’ लिहून पाठवलं होतं. काल प्रत्येकाला विचारलं, हा कुणी एक महिना वाचला नाही तर काय बिघडेल? आतापर्यंत तीनच उरलेत, दोघांची उत्तरं यायची आहेत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सहा शाखांना मिळून एक सामायिक पेटी आहे, तिथे रिपोर्ट जातो आणि आठ जण ती पेटी उघडतात. एकाने बटण दाबलं की आठही जणांचा बंद. त्या पेटीला ओळ द्यायची की त्या आठ जणांना वेगवेगळी? आठ जणांना दिली तर उद्या नववा आला की त्याला कोण जोडणार? कुणी केलं असेल तर लिहा, शुक्रवारपर्यंत मी ती पेटी तशीच ठेवतो आहे आणि तिच्या मेलमधून लिंक काढून टाकली आहे.